जुन्या इंग्रजी पेपरच्या पानाचा फोटो आहे, बातम्या एकमेकींत घुसतायत. कोणती ओळ कुठल्या बातमीची हे कसं ठरवायचं?

कोयनाकाठ (पाटण)
मंडळी नमस्कार. गावच्या वाचनालयात डिसेंबरमध्ये भूकंपाच्या आठवणींचं छोटं प्रदर्शन लावायचं चाललंय. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, आमच्याकडं घराघरात ही वेळ पाठ आहे. एका निवृत्त मास्तरांकडं त्या वेळचा १२ तारखेचा इंग्रजी पेपर मिळाला, पण पूर्ण अंक नाही, फक्त पान १-२ आणि पान ९-१० ची सुटी पानं आहेत. पेपर ते घराबाहेर देणार नाहीत (बरोबरच आहे, हात लावला की कडा तुटतायत) म्हणून त्यांच्या ओसरीवर फोटो काढून आणले. आता त्याचं मराठी करून मोठ्या अक्षरात फलक लावायचेत, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनाही वाचता येईल.

फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला पान दाखवलं तर ते डावीकडून उजवीकडं सगळे कॉलम एका ओळीत वाचत सुटतं. धरणाच्या भिंतीबद्दल वाक्य चालू होतं आणि पुढं "रुग्णाची प्रकृती समाधानकारक" असं येतं. पुढच्या एका कॉलमात केप टाउनच्या त्या हृदय बदललेल्या पेशंटची बातमी आहे, तिचा तो तुकडा. एवढं तर कुणालाही कळेल. पण काही ठिकाणी जोड इतका गुळगुळीत बसतोय की खरा का खोटा समजत नाही, तिथं अडलोय.

पानाची रचना सांगतो. आठ कॉलम. कॉलम ३ ते ८ वर एकच मोठा आडवा मथळा. त्याच्याखाली ३-४ मध्ये कोयनानगरची बातमी, ५-६-७ वर फोटो, फोटोखाली ५-६ मध्ये मुंबईची वीज गेल्याची बातमी, ७ मध्ये तो पेशंट, ८ मध्ये दिल्लीची बातमी वरपासून खालपर्यंत. कोयनानगरची बातमी कॉलम ४ च्या खाली थांबते आणि कंसात "पान ९ कॉलम ३ वर पुढे" असं आहे. पान ९ चा कॉलम ३ वरून वाचायला घेतला तर पहिलाच परिच्छेद गृहमंत्री चव्हाणांच्या नावानं सुरू होतो. साहेब आपल्या कराडचे, भूकंप आपल्याकडं, त्यामुळं बरोबरच वाटतंय. पण त्यात "सभागृह" असा शब्द आलाय आणि मला शंका येतीय. हे फलकावर लावावं का नको?

---

वाईकर
सोपं आहे. पेपर नेहमी एकेक कॉलम वरून खाली वाचायचा, संपला की उजवीकडचा घ्यायचा. ॲपला पूर्ण पान देऊ नका, एकेक कॉलम कापून द्या. प्रश्न मिटला.

---

मिरजवाली
वाईकर, पूर्ण कॉलम वरून खाली वाचला तर एका कॉलममध्ये तीन तीन बातम्या येतात त्याचं काय? वर कोयना, मधे फोटो, खाली भलतीच बातमी. आणि "नेहमी डावीकडून" हेही खरं नाही. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत उर्दू पेपरची कात्रणं आहेत, त्यात पहिला कॉलम उजवीकडचा. भावानं एकदा त्याचे फोटो डावीकडून क्रम लावून कुणाला तरी भाषांतराला पाठवले, तर बातमीचा शेवट आधी आणि सुरुवात नंतर असं होऊन आलं.

---

वाईकर
उर्दूचा प्रश्नच नाहीये ताई इथं, इंग्रजी पेपर आहे.

---

हळदबाजार
माझाही असाच एक प्रॉब्लेम आहे. सांगलीच्या हळदीच्या जुन्या बाजारभावाची पानं आहेत वडिलांच्या वहीत चिकटवलेली. एकेक कॉलम कापून टाइप करून घेतली तर सगळी नावं एकीकडं आणि सगळे दर दुसरीकडं आले, आता कुठला दर कशाचा कळेना. कोण करून देईल का? पैसे देईन.

---

जुळारी (सांगली)
हळदबाजार, तुमचं उलटं आहे. भावाचा तक्ता आडवाच वाचायचा असतो, एक ओळ म्हणजे एक माल. तिथं कॉलम कापला की संपलं. तक्ता अख्खा ठेवा, ओळीखाली फुटपट्टी धरा आणि हातानं उतरवून घ्या, पैसे कशाला घालवताय.

आता कोयनाकाठ यांचं. मी पेपरच्या छापखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढली, आधी खिळे जुळवले, मग पानं लावायला लागलो. पान वाचणाऱ्याला वाटतं मजकूर कॉलममध्ये वाहतो. पान लावणाऱ्याला तसं दिसत नाही. त्याच्या पुढं चौकोन असतात. एका बातमीचा एक चौकोन, वर तिचा मथळा, आणि मथळा जेवढे कॉलम रुंद तेवढ्याच कॉलमांत त्याच्या खालचा मजकूर. मथळा दोन कॉलमांचा असेल तर मजकूर डाव्या कॉलमात खाली उतरतो, चौकोनाच्या तळाला लागतो, मग उजव्या कॉलमात मथळ्याच्या लगेच खाली वर चढतो. पानाच्या तळापर्यंत जात नाही आणि पानाच्या माथ्यालाही जात नाही. म्हणून वाईकर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, वरून खाली आणि मग उजवीकडं, पण चौकोनाच्या आत.

मग चौकोन कुठं संपतो? आडवी रेघ आली, दुसरा मथळा आला, फोटो आला किंवा चौकट आली की संपला. आणि नवीन बातमी कुठं सुरू होते? डेटलाइन बघा. कोयनानगर, डिसेंबर ११. मुंबई, डिसेंबर ११. नवी दिल्ली, डिसेंबर ११. गावाचं नाव आणि तारीख दिसली की तिथं बातमीचं तोंड आहे समजायचं.

तुमच्या त्या मोठ्या आडव्या मथळ्याखाली सहा कॉलम आहेत म्हणून ती एकच बातमी असं धरू नका. असा मथळा दोनतीन बातम्यांवर एकदम टाकतात. कोयनानगरची वेगळी, मुंबईच्या विजेची वेगळी, प्रत्येकीला खाली स्वतःचा बारका मथळा असणार. बघा आणि सांगा.

---

कोयनाकाठ
हो काका, आहे. कोयनानगरच्या बातमीला दोन कॉलमांचा वेगळा मथळा आहे, विजेच्या बातमीलाही आहे. दिल्लीच्या कॉलम ८ वरही आहे, ती राजभाषा विधेयकाची बातमी आहे, म्हणजे मोठ्या मथळ्याचा तिच्याशी काही संबंध नाही, नुसती त्याच्याखाली आलीय.

पण कोयनानगरच्या बातमीत मधे मधे ठळक अक्षरात दोन तीन शब्दांचे मथळे आहेत. त्या वेगळ्या बातम्या धरायच्या का?

---

जुळारी
नाही. ते श्वास घ्यायला टाकलेले उपमथळे. त्यांच्याखाली डेटलाइन नसते, वर आडवी रेघ नसते आणि अक्षर मजकुराच्याच मापाचं असतं, फक्त ठळक. लांब कॉलम राखाडी दिसू नये म्हणून उपसंपादक टाकायचे. भाषांतरात ठेवा किंवा गाळा, तुमची मर्जी, पण बातमी तिथं तोडू नका.

---

अजिंक्यतारा
माझा प्रश्न फोटोवरनं. पेपर मधोमध घडी घातलेला असतो. त्या घडीत एखादी ओळ गेली असेल तर आठच्या आठ कॉलमांत ती गेली. मग जोड चुकीचा आहे का ओळच नाही हे कसं कळणार? कोयनाकाठ, फोटो कसे काढलेत तुम्ही?

---

कोयनाकाठ
उभं राहून, पेपर सतरंजीवर ठेवून. चार फोटो, प्रत्येक पानाचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. घडी आहे बरोबर मधे. आणि वरचा फोटो संपतो तिथं एक दोन ओळी दोन्ही फोटोंत नाहीत असं आता बघताना वाटतंय.

---

अजिंक्यतारा
मग परत काढा राव. साताऱ्यात एका संग्रहासाठी आम्ही जुनी पानं फोटोत उतरवली तेव्हा असं केलं: आधी पूर्ण पानाचा एक फोटो, वाचता नाही आलं तरी चालेल, तो नकाशा. मग दोन दोन कॉलमांचे जवळून फोटो, आणि प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा निदान तिसरा हिस्सा परत आला पाहिजे. घडी फोटोच्या काठावर येऊ द्यायची नाही, मधे घ्यायची. कॅमेरा पानाच्या बरोबर वर. तिरका धरला की कॉलममधल्या उभ्या रेघा वर जवळ येतात, खाली लांब जातात, मग ॲप बिचकतं आणि शेजारच्या कॉलमात घुसतं. उजेड खिडकीतून एका बाजूनं, फ्लॅश नको. कागद पातळ असेल तर मागच्या पानाची अक्षरं उमटतात, त्याला खाली काळा कागद ठेवला की बरंच कमी होतं.

आणि सतरंजी नको, खाली कडक पुठ्ठा घ्या. सतरंजीवर पान लाटेसारखं होतं आणि ओळी वाकतात.

---

मिरजवाली
घडी हातानं दाबून सपाट करू नका मात्र. इतका जुना कागद तिथंच तुटतो. वरून जेवढी उघडेल तेवढी उघडा, नाही वाचता आलं तर "एक ओळ अस्पष्ट" लिहा.

---

जुळारी
आता चव्हाणांचा परिच्छेद. मला त्याचं उत्तर माहीत असावं असं वाटतंय पण आधी दोन गोष्टी बघून सांगा. एक, पान ९ च्या कॉलम ३ मध्ये त्या परिच्छेदाच्या खाली काय आहे? दोन, त्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत शेवटी काय आहे?

---

कोयनाकाठ
खाली एक बारीक आडवी रेघ आहे. रेघेखाली ठळक अक्षरात "कोयना" एवढंच, आणि त्याखाली तिरप्या बारीक अक्षरात "पान १ कॉलम ४ वरून". मग मजकूर. परिच्छेदाच्या शेवटी एक आडवा डॅश आणि पीटीआय.

---

जुळारी
मग झालं की. उत्तर तुम्हीच दिलंत.

"पान ९ कॉलम ३" म्हणजे कॉलम ३ च्या माथ्यापासून वाचा असं नाही. कॉलम ३ मध्ये जिथं "पान १ कॉलम ४ वरून" लिहिलंय तिथून वाचा. कोयनाची बातमी रेघेखाली सुरू होते. रेघेवरचा तुकडा डोक्यावर मथळा नसलेला, पोरका तुकडा. असा कॉलमच्या माथ्यावर बिनमथळ्याचा मजकूर दिसला की तो डावीकडच्या कॉलमातून वर चढून आलेला असतो, हे धरून चाला. डाव्या कॉलमात काय आहे ते बघा, माझ्या मते राजभाषा विधेयकाचा पुढचा भाग असणार, कारण दिल्लीची बातमी पहिल्या पानावरून कुठंतरी गेली असणारच. आणि डॅश पीटीआय म्हणजे ती बातमी तिथं संपली. कोयनाची बातमी पुढं कॉलमभर चालू आहे, ती मधेच कशी संपेल?

चव्हाण तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते आणि राजभाषेचं ते विधेयक त्यांच्याच खात्याचं. सभागृह म्हणजे लोकसभा. भूकंपाशी त्या परिच्छेदाचं देणंघेणं नाही.

---

कोयनाकाठ
कॉलम १ आणि २ बघितले. कॉलम १ वर "राजभाषा" मथळा आणि "पान १ कॉलम ८ वरून", कॉलम २ भरून खाली तळापर्यंत तेच. म्हणजे तिचाच शेपटीचा परिच्छेद कॉलम ३ च्या माथ्यावर चढलाय. बरोबर बसलं. काका हे फलकावर गेलं असतं तर साहेबांच्या तोंडी भूकंपाबद्दल भलतंच वाक्य घातल्यासारखं झालं असतं.

---

कृष्णामाई (कराड)
तरी एक सांगते, हा जोड खरा वाटायचं कारण असं की पान १ वरची बातमी पूर्णविरामावर थांबली होती आणि तो परिच्छेद नव्या वाक्यानं सुरू होतो. दोन्ही बाजू पूर्ण वाक्यं असली की कुठलाही तुकडा कुठंही बसतो. वाक्य मधे तुटलं असतं तर लगेच पकडलं असतं. मी कोर्टाची कागदपत्रं भाषांतर करते, तिथं सुट्या पानांचं हेच होतं. म्हणून तुटलेली वाक्यं आधी जुळवायची, ती भरवशाची. पूर्ण वाक्यांचे जोड शेवटी, आणि त्यांना दुसरा पुरावा मागायचा: रेघ, मथळा, गावाचं नाव, माणसांची नावं.

---

जुळारी
बरोबर बोललात ताई. आमच्या फोरमनचा म्हणूनच हुकूम असायचा, दुसऱ्या पानावर बातमी न्यायची तर वाक्य मधेच तोडा, पूर्णविरामावर तोडली तर वाचणाऱ्याला वाटतं संपली आणि पान उलटत नाही. पण रात्री पान बंद करायची घाई असली की जिथं जागा संपेल तिथं तोडायचे.

---

वाईकर
बरं, चौकोनाचं पटलं. पण मग ॲपला काय द्यायचं? चौकोन कापून?

---

अजिंक्यतारा
चौकोनही नाही, चौकोनातला एकेक कॉलम. दोन कॉलमांचा चौकोन दिला तरी तेच होणार, आडवं वाचणार. लॅपटॉपवर टेसरॅक्ट हा फोटोतली अक्षरं वाचणारा प्रोग्राम घेऊन करत असाल तर कापलेल्या एका कॉलमच्या फोटोला एवढं पुरतं:

```
tesseract p1_c3_a.jpg p1_c3_a --psm 4
```

४ म्हणजे हा एकच कॉलम आहे, अक्षरांची मापं कमीजास्त असतील, असं त्याला सांगायचं. मजकूर त्याच नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये येतो. फाइलचं नाव पान, कॉलम आणि तुकडा असं ठेवा म्हणजे नंतर कुठला तुकडा कुठला हे विसरत नाही. आणि आलेला मजकूर फोटोशी ओळीला ओळ ताडून बघा, जुन्या छपाईत ई आणि सी, तीन आणि आठ यात ते हमखास घोळ घालतं. आकडे तर प्रत्येक स्वतः बघायचे.

---

कृष्णामाई
आणि लगेच भाषांतर करू नका. आधी इंग्रजी जोडून घ्या. तुकड्याचं भाषांतर करून मग मराठी तुकडे जोडले की कॉलमच्या तळाला तुटलेलं वाक्य दोन्हीकडं लंगडं राहतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीचं आधी. अर्ध्या वाक्यात क्रियापद मिळतं पण कर्म पुढच्या कॉलमात, भाषांतर करणारा मग मनानं काहीतरी पुरं करतो.

माझी पद्धत: पूर्ण पानाच्या फोटोची प्रिंट काढून त्यावर रंगीत पेन्सिलीनं चौकोन करायचे. कोयनानगर क, मुंबई म, दिल्ली द. मग क१, क२, क३ असे नंबर वाचायच्या क्रमानं. पान ९ वरचे तुकडे त्याच क्रमात पुढं. मग टाइप केलेलं त्या क्रमानं एका फाइलमध्ये.

---

कोयनाकाठ
ताई, तसं करून बघितलं. लिहितो इथं, चुकत असेल तर सांगा.

क१: पान १ कॉलम ३, डेटलाइनपासून घडीच्या वरच्या चौकटीपर्यंत. शेवटच्या ओळीत "हायड्रो" आणि जोडरेघ.
क२: पान १ कॉलम ४, दोन कॉलमी मथळ्याच्या लगेच खाली. पहिला शब्द "इलेक्ट्रिक". म्हणजे जोड पक्का. इथून खाली "पान ९ कॉलम ३" पर्यंत.
क३: पान ९ कॉलम ३, "कोयना" मथळ्याखालून तळापर्यंत. शेवटचं वाक्य अर्धं.
क४: पान ९ कॉलम ४ च्या माथ्यावर मजकूर आहे, बिनमथळ्याचा, वाक्याचा उरलेला भाग बसतोय. म्हणजे काकांच्या नियमानं डावीकडून चढलेला. पण निम्म्यात एक जाहिरात आहे दोन कॉलमांची (४ आणि ५), आणि जाहिरातीखाली कॉलम ४ मध्ये परत मजकूर. तो कुणाचा? त्यात मुंबईच्या गिरण्या आणि वीज असं आहे. आणि कॉलम ५ मध्ये जाहिरातीखाली मथळा आहे "वीज", "पान १ कॉलम ६ वरून".

---

इस्लामपूरचा
जाहिरातीखालचा मजकूर विजेचाच की मग. गिरण्या आहेत म्हणताय.

---

जुळारी
थांबा, घाई नको. कोयनाचं वीजघर बंद पडलं म्हणून मुंबईच्या कारखान्यांची वीज गेली, त्यामुळं गिरण्यांचा उल्लेख कोयनानगरच्या बातमीतही सहज येईल. विषयावरून ठरवू नका, इथं दोन्ही बातम्यांचा विषय एकच. विजेची बातमी "पान १ कॉलम ६ वरून" या ओळीखालीच सुरू होणार, ती कॉलम ५ मध्ये आहे. तिच्या डावीकडं, कॉलम ४ मध्ये ती जाऊ शकत नाही, मजकूर मागं फिरत नाही. म्हणजे कॉलम ४ मधला जाहिरातीखालचा तुकडा कोयनाचाच असला पाहिजे, जाहिरात ओलांडून खाली आलेला.

आम्ही शक्यतो जाहिरातीवरून उडी मारू द्यायचो नाही, वाचणारा चुकतो. पण जाहिरात उशिरा आली की तसंही व्हायचं. जाहिरातीवरची शेवटची ओळ आणि जाहिरातीखालची पहिली ओळ द्या.

---

कोयनाकाठ
वरची शेवटची ओळ पूर्णविरामावर संपते. खालची पहिली ओळ फोटोत तुटलीय, पान तिथं फाटलंय. दुसऱ्या ओळीपासून वाचता येतं, "तिथून पुढं मुंबईतल्या गिरण्या" असं काहीतरी.

---

इस्लामपूरचा
मग झालंच ना काका, "मुंबईतल्या" म्हणतोय. मुंबईहून लिहिणारा "शहरातल्या" म्हणेल. कोयनाहून लिहिणारा "मुंबईतल्या" म्हणेल. म्हणजे तुमचंच खरं.

---

कृष्णामाई
हा चांगला मुद्दा काढलात. पण एकट्या त्यावर मी शिक्का मारणार नाही. पान १ वर विजेच्या बातमीत "शहर" लिहिलंय का "मुंबई", ते आधी बघावं लागेल.

---

कोयनाकाठ
बघितलं. विजेच्या बातमीत पहिल्या ओळीत मुंबई, नंतर सगळीकडं शहर. पण कोयनानगरच्या बातमीत पहिल्या पानावर मुंबईचा उल्लेखच नाही, म्हणून पूर्ण खात्री होईना.

---

मिरजवाली
मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुने इंग्रजी पेपर आहेत. कुणी जाणार असेल तर तेच पान बघून तेवढी एक ओळ उतरवून आणता येईल. प्रदर्शनाला वेळ आहे अजून.

---

हळदबाजार
माझ्या मेव्हण्याचा पोरगा फोर्टमध्ये नोकरीला आहे. विचारतो.

---

वाईकर
आणखी एक. मृतांचा आकडा? मी ऐकलंय पावणेदोनशे ते दोनशे. पेपरात काय आहे?

---

कोयनाकाठ
तोच तर दुसरा घोळ आहे. कोयनानगरच्या बातमीत एक आकडा, पहिल्या पानाच्या खालच्या चौकटीत त्याहून जास्त. मला वाटलं तुकडे चुकीचे जोडलेत.

---

जुळारी
नाही, जोड बरोबर आहे. बातमी संध्याकाळी जुळवलेली असते, चौकट शेवटच्या तारेवर रात्री उशिरा बसवलेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आकडे असेच पुढंमागं असतात. दोन्ही जसेच्या तसे ठेवा. नंतरचा खरा आकडा फलकाच्या तळाला वेगळ्या अक्षरात, तुमच्या नावानं लिहा, बातमीच्या आत घालू नका.

आणि एखादी ओळ दोनदा आली किंवा दोन ओळींची अदलाबदल झाली असं दिसलं तर घाबरू नका. इंग्रजी मजकूर लायनो यंत्रावर शिशाच्या सलग ओळींत ओतून यायचा. चूक दुरुस्त करायची तर अख्खी ओळ उपसून नवी घालायची, त्यात ओळ भलत्या जागी पडायची. तो घोळ मूळ छपाईचा, तुमच्या फोटोचा नाही.

---

इस्लामपूरचा
"पान ९ वर पुढे" हे फलकावर ठेवणार का? मला वाटतं ठेवावं, जुन्या पेपरची मजा आहे त्यात.

---

कृष्णामाई
मी काढून टाकेन. फलकावर पान ९ नाहीच, माणूस शोधत बसेल. फार तर समासात बारीक "इथून पान ९" एवढं.

---

अजिंक्यतारा
माझं मत इस्लामपूरकरांकडं. शेजारी मूळ पानाचा फोटो लावताय ना? मग ज्याला ताडून बघायचंय त्याला ती खूण लागणारच. ताईंनी सांगितलेले क१, क२ त्या फोटोवर छापा आणि मराठी मजकुरात समासात तेच नंबर द्या.

---

कोयनाकाठ
समासात नंबर ही कल्पना आवडली, तसंच करतो. पुठ्ठा आणि काळा कागद घेऊन रविवारी मास्तरांकडं परत जातोय, घडीतल्या ओळी आणि कॉलम ४ ची फाटकी जागा जवळून काढतो. विजेची बातमी म१ म२ म३ लावून झालीय, तिच्यात काही अडचण नाही. कोयनाचा क४ जाहिरातीपर्यंतच लावतोय, त्याखालचा तुकडा "याच बातमीचा असावा, पहिली ओळ फाटलेली" अशी टीप देऊन वेगळ्या चौकटीत. मुंबईहून ओळ मिळाली तर जागेवर बसवू. हळदबाजार, पोराला पान नंबर आणि तारीख व्यवस्थित लिहून द्या: १२ डिसेंबर १९६७, मंगळवार, पान ९, कॉलम ४, जाहिरातीच्या लगेच खालची ओळ. पेपरचं नाव मेसेजमध्ये पाठवतो.

---

हळदबाजार
दिला त्याला. तो विचारतोय शहर आवृत्ती का बाहेरगावची?

---

जुळारी
पोरगं हुशार आहे. कोयनाकाठ, तुमच्याकडं आलेला अंक बाहेरगावची आवृत्ती असणार, ती आधी छापून रात्रीच्या गाडीनं सुटायची. मुंबईच्या ग्रंथालयात शहर आवृत्ती असेल तर तीच बातमी वेगळ्या कॉलमात, कदाचित वेगळ्या लांबीची असेल. त्याला सांगा, नुसती ती एक ओळ नको, त्या पानाचा पूर्ण फोटोही आण, आणि पहिल्या पानाचाही.